‘छान आहे, थोडं बदला’: होमपेजच्या मॉकअपवर नेमकं मत मागणारा एक मेल

पार्श्वभूमी

नाशिकला गंगापूर रोडवर तिघांचा एक छोटा डिझाईन स्टुडिओ आहे. त्यांच्याकडे दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष निर्यातदार कुटुंबाचं वेबसाईटचं काम आलं. नावं आणि ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत, बाकी प्रकरण घडलं तसंच आहे. कुटुंबात थोरले अण्णा बागा आणि माल देणारे शेतकरी सांभाळतात, धाकटे दादा पॅकहाऊस बघतात आणि अण्णांच्या सूनबाई निर्यातीची कागदपत्रं व परदेशी खरेदीदारांचा पत्रव्यवहार करतात. स्टुडिओशी बोलणं दादांमार्फत होत असे.

फेब्रुवारीत बर्लिनला फ्रूट लॉजिस्टिका हे ताज्या फळांच्या व्यापाराचं प्रदर्शन भरतं. तिथे जायच्या आत साईट चालू हवी, एवढी एकच तारीख सगळ्यांच्या डोक्यात पक्की होती. करारात होमपेजचे दोन वेगळे नमुने, त्यातल्या निवडलेल्या एकावर बदलांच्या दोन फेऱ्या आणि त्यापुढच्या कामाचे तासावर पैसे, असं लिहिलेलं होतं. फेरी नेमकी कधी सुरू झाली म्हणायची, हे मात्र लिहिलेलं नव्हतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर दोन्ही नमुने गेले. ‘ए’मध्ये पहिला पूर्ण पडदा द्राक्षाच्या घडाच्या मोठ्या फोटोचा, त्यावर एक ओळ आणि एक बटण. ‘बी’मध्ये वर पॅकहाऊसचा आडवा फोटो, लगेच खाली प्रमाणपत्रांची पट्टी आणि कोणत्या आठवड्यात कोणता माल मिळेल याचा तक्ता. मजकूर दोन्हीकडे तात्पुरता होता.

अडचण

दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर मतं आली. अण्णांचा व्हॉइस मेसेज: लोगो बारीक वाटतो, अक्षरंही बारीक आहेत आणि सप्तशृंगी मातेचा फोटो कुठेच नाही. दादांनी लिहिलं, “दोन्ही छान आहेत, मिक्स करा.” पुण्यात आयटीत असलेल्या भाच्याला नमुना अजून ‘पॉप’ व्हायला हवा होता, ‘प्रीमियम फील’ त्याला येत नव्हता. सूनबाईंकडून काहीच आलं नाही, कारण त्या ग्रुपमध्येच नव्हत्या.

स्टुडिओच्या डिझायनरने एक गोष्ट चांगली केली. लगेच फाईल उघडून लोगो मोठा करायला न घेता तिने ही वाक्यं एका कागदावर उतरवली आणि प्रत्येकासमोर, हे कशामुळे म्हटलं असेल, ते लिहिलं. पहिला उलगडा अक्षरांचा झाला. दादांनी डेस्कटॉपची पीडीएफ ग्रुपवर टाकली होती आणि अण्णांनी ती फोनवर पाहिली होती. नमुना १४४० पिक्सेल रुंद, फोनचा पडदा साधारण ३९० पिक्सेलचा. म्हणजे सगळं जवळपास चौथाईवर आलं आणि १६ पिक्सेलचं अक्षर चार पिक्सेलचं दिसू लागलं. मोबाईलचा नमुना वेगळा केलेला होता, पण तो त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. ही तक्रार डिझाईनची नव्हतीच, फाईल कुठे उघडली याची होती.

लोगोचं दुखणं निराळं होतं. त्यांचा लोगो म्हणजे खोक्यावर छापतात तो गोल शिक्का: मधे घड, भोवती कडेने गोलाकार लिहिलेलं फर्मचं नाव. खोक्यावर तो वीतभर असतो. वेबसाईटच्या वरच्या पट्टीत तो ६४ पिक्सेल उंचीचा बसवला होता आणि कडेची अक्षरं शिक्क्याच्या उंचीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढी, म्हणजे सहा-साडेसहा पिक्सेल. ती कुणालाच वाचता आली नसती. थोडा मोठा करूनही भागलं नसतं, कारण अक्षरं सोळा पिक्सेलवर न्यायची तर शिक्का १६० पिक्सेलचा हवा. मोबाईलवर पडद्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा लोगोनेच खाल्ला असता.

‘मिक्स करा’ हे सगळ्यात धोक्याचं वाक्य. ‘ए’चा फोटो पहिला पडदा भरतो, हीच त्याची गंमत. त्याखाली ‘बी’ची पट्टी आणि तक्ता लावला की ते दोन्ही खाली सरकतात आणि पाहणाऱ्याने बोट फिरवलं तरच दिसतात. ‘बी’ केला होता तो नेमका ते फिरवायला लागू नये म्हणून. म्हणजे मिक्स करण्याआधी एक धंद्याचा प्रश्न सुटायला हवा होता: हे पान आधी कुणासाठी आहे? तो प्रश्न स्टुडिओने विचारलेला नव्हता आणि घरातही कुणी विचारलेला नव्हता.

कोणते मार्ग होते

पहिला, आलेल्या सूचनांवर काम सुरू करायचं. पैसे देणाऱ्याला ते तत्पर वाटतं. पण लोगो मोठा करून, दोन्ही नमुने जोडून पाठवलं असतं की एक फेरी संपली असती आणि पुढचा निरोप ‘आता गर्दी झाल्यासारखी वाटते’ असा आला असता. मग ती फेरी धरायची की नाही, यावर वाद.

दुसरा, दिंडोरीला जाऊन समोरासमोर बसायचं. स्टुडिओतल्या ज्येष्ठ भागीदाराचं हेच मत होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. शेतकरी घरात चहावर जे कळतं ते मेलमध्ये येत नाही. अडचण अशी, की बागा फुलोऱ्यात होत्या आणि तिघं एका वेळी घरी सापडणं कठीण होतं. शिवाय बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचं मत टिकतं. सूनबाई तिथे बोलल्या असत्या का, याची मला शंका आहे.

गुगल फॉर्मचाही विचार झाला. तो लगेच सोडला, कारण फॉर्म प्रत्येक जण वेगवेगळा भरतो आणि चार वेगळी उत्तरं पुन्हा स्टुडिओच्याच गळ्यात येतात. हवं होतं ते उलटं: मतभेद त्यांच्या घरात मिटावेत आणि इकडे एकच उत्तर यावं. म्हणून मेल ठरला, आणि तो गेल्यावर अर्ध्या तासाने फोन.

मेल बांधताना घेतलेले निर्णय

पहिल्या मसुद्यात चौदा प्रश्न होते. रंग आवडला का, फॉन्ट कसा वाटतो, फोटो पटतो का. डिझायनरने प्रत्येकाला एक कसोटी लावली: याचं उत्तर फक्त त्यांनाच माहीत आहे की आपल्यालाही ठरवता येईल? फॉन्ट स्टुडिओ ठरवू शकतो. खरेदीदार पहिल्या मेलमध्ये काय विचारतो, हे स्टुडिओला सात जन्मात कळणार नाही. या चाळणीतून पाच प्रश्न उरले. रंगाचा प्रश्न याच चाळणीत गळाला, त्याकडे पुढे येऊ.

प्रश्न हवेत तरंगू नयेत म्हणून नमुन्यांवर लाल गोलात १ ते ५ आकडे टाकले आणि प्रत्येक प्रश्नाला तोच आकडा दिला. “वरचा तो भाग” म्हणजे कुठला, ही फोनवरची शोधाशोध त्याने संपली.

सगळ्यात जास्त खल झाला तो एका ओळीवर: उत्तर आलं नाही तर काय? बरेच स्टुडिओ लिहितात, ‘अमुक दिवशीपर्यंत न कळवल्यास संमती धरली जाईल.’ इथे तसं सरसकट लिहिलं नाही. दोन नमुन्यांतून निवड ही न बोलता धरायची गोष्ट नव्हे, कारण ती चुकली तर सगळं पान पुन्हा करावं लागतं. देवीचा फोटो कुठे ठेवायचा, हे मात्र नंतरही दहा मिनिटांत बदलता येतं. म्हणून फक्त तिथेच ‘कळवलं नाही तर आम्ही असं करू’ लिहिलं. बाकी प्रश्नांसाठी ‘थांबू, आणि तेवढे दिवस तारीख पुढे जाईल’ असं.

प्रत्यक्ष मेल

विषय: होमपेजचे दोन नमुने: पाच प्रश्नांची उत्तरं हवीत (शुक्रवार संध्याकाळी ६ पर्यंत)

> नमस्कार दादा,
>
> ग्रुपवर आलेली सगळ्यांची मतं वाचली, अण्णांचा निरोपही ऐकला. बदलांना हात लावण्याआधी पाच गोष्टी तुमच्याकडून पक्क्या करून घ्यायच्या आहेत. त्या ठरल्या की पहिली फेरी सुरू झाली असं धरू. आत्तापर्यंतच्या बोलण्याची फेरी धरलेली नाही.
>
> नमुने बघताना एक विनंती. `home_A_desktop.pdf` आणि `home_B_desktop.pdf` संगणकावरच उघडा. फोनवर बघायचे असतील तर `home_A_mobile.pdf` आणि `home_B_mobile.pdf` बघा. डेस्कटॉपची फाईल फोनवर आकसते आणि अक्षरं बारीक दिसतात. प्रत्यक्ष साईटवर तसं होणार नाही.
>
> १. हे पान सगळ्यात आधी कुणासाठी: परदेशी खरेदीदारासाठी की माल देणाऱ्या शेतकऱ्यासाठी? दोघंही महत्त्वाचे आहेत, पण पहिला पडदा एकालाच देता येईल. ए की बी, हे यावरूनच ठरेल.
>
> २. गेल्या हंगामात नवीन खरेदीदारांनी पहिल्या मेलमध्ये कोणत्या तीन गोष्टी विचारल्या? ज्यांच्याकडे हे मेल येतात त्यांनीच याचं उत्तर द्यावं.
>
> ३. लोगो लहान वाटतो, तो कशामुळे? (अ) कडेचं नाव वाचता येत नाही, (आ) शिक्का लांबून ओळखू येत नाही, (इ) दुसरं काही. कारण (अ) असेल तर शिक्का मोठा करण्यापेक्षा शेजारी नाव वेगळं लिहिणं आम्हाला बरं वाटतं.
>
> ४. मुख्य बटणावर ‘चौकशी पाठवा’ असावं का, आणि ते दाबल्यावर व्हॉट्सॲप उघडावं का?
>
> ५. सप्तशृंगी मातेचा फोटो ‘आमच्याविषयी’ या भागात, पॅकहाऊसच्या पूजेच्या फोटोसोबत ठेवावा असं सुचवतो. याबद्दल काही कळवलं नाही तर तसंच करू.
>
> आत्ता या गोष्टींकडे लक्ष देऊ नका: मजकूर तात्पुरता आहे, फोटो तुमच्या बागेचे येणार आहेत आणि आतली पानं अजून केलेली नाहीत.
>
> घरात सगळ्यांशी बोलून तुम्ही एकच उत्तर पाठवावं. मतं जुळली नाहीत तर तसंच लिहा, आपण फोनवर बसू. पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं येईपर्यंत आम्ही थांबतो. जेवढे दिवस लागतील तेवढे दिवस होमपेज द्यायची ५ डिसेंबरची तारीख पुढे जाईल.
>
> कळावे.

मेल दादांना, प्रत अण्णांना आणि भाच्याला. अण्णा मेल बघत नाहीत हे माहीत होतं. म्हणून फोनवर डिझायनरने दादांना सांगितलं, “पॅकहाऊसमध्ये प्रिंट काढा आणि अण्णांसमोर ठेवा.” कागदावर आकडे घातलेलं चित्र समोर असलं की मोठी माणसं बोटाने दाखवून बोलतात.

उत्तर कसं आलं

शुक्रवारी आलं नाही. गुरुवारी रात्री अवकाळी पाऊस झाला. फुलोऱ्यातल्या बागेत पाऊस म्हणजे डाऊनी या बुरशीरोगाची भीती, घडकुजीची भीती, आणि पहाटेपासून फवारणी. त्या दिवशी दिंडोरीत कुणी होमपेजचा विचार करत नसतो. ‘न कळवल्यास संमती’ लिहिलं असतं तर शनिवारी स्टुडिओ स्वतःच एक नमुना धरून कामाला लागला असता. स्टुडिओने शुक्रवारी एकच ओळ पाठवली: “पाऊस झाल्याचं कळलं. आधी बागा बघा, सोमवारी फोन करतो.”

मंगळवारी उत्तर आलं आणि ते दादांनी नाही, सूनबाईंनी लिहिलं होतं. दुसऱ्या प्रश्नातल्या ‘ज्यांच्याकडे हे मेल येतात त्यांनीच’ या शब्दांमुळे प्रिंट त्यांच्या टेबलावर गेली होती. त्यांनी गेल्या हंगामाचा इनबॉक्स उघडून बघितला आणि लिहिलं: पहिली विचारणा पॅकिंगची, पाचशे ग्रॅमचे दहा पनेट, म्हणजे छोटे डबे, की साडेचार किलोचं सुटं खोकं, दुसरी ग्लोबल गॅप प्रमाणपत्राची आणि औषधांच्या अंशाच्या तपासणी अहवालाची, तिसरी, माल कोणत्या आठवड्यापासून कोणत्या आठवड्यापर्यंत. घडाचा फोटो किती देखणा आहे, हे कुणीच विचारत नाही, असंही एक वाक्य होतं.

पहिल्या प्रश्नावर घरात जुंपली होती. अण्णांचं म्हणणं शेतकरी आधी. माल नसेल तर विकणार काय? सूनबाईंचं म्हणणं, शेतकरी साईट बघून येत नाही, तो अण्णांच्या फोनवर येतो. शेवटी ठरलं ते असं: पान खरेदीदाराचं, पण वरच्या पट्टीत ‘शेतकऱ्यांसाठी’ असा मराठीतला एक दुवा, आणि तो दाबला की अण्णांचा नंबर. चर्चा दोन संध्याकाळी चालली म्हणे. ती स्टुडिओत झाली नाही, याहून मोठा फायदा मला तरी दिसत नाही.

लोगोच्या प्रश्नाला (अ) असं उत्तर आलं. पाचव्यावर अण्णांनी “चालेल” म्हटलं. फोटो सगळ्यात वर हवा, असं त्यांचं म्हणणं कधीच नव्हतं, फक्त तो हवा होता.

चौथ्याला उत्तर आलं: “हो.”

पुढे काय झालं

‘बी’ नमुना निवडला गेला. आठवड्यांचा तक्ता वर सरकला, पॅकिंगच्या दोन प्रकारांची चित्रं त्याखाली आली, प्रमाणपत्रांच्या पट्टीत अहवाल मागवायची सोय झाली. ‘ए’मधला घडाचा फोटो खाली बराच लहान होऊन राहिला, एवढंच ते मिक्स. शिक्क्यातून फक्त घड घेतला आणि नाव शेजारी रोमन लिपीत सरळ लिहिलं.

त्या ‘हो’मुळे मात्र एक फोन जास्त झाला. प्रश्नात दोन प्रश्न होते. बटणाला हो, की व्हॉट्सॲपला हो? विचारल्यावर कळलं, बटणाला. व्हॉट्सॲपला सूनबाईंचा विरोध होता, कारण खरेदीदाराची पहिली चौकशी मेलमध्ये राहिली नाही तर पुढे भावाचा वाद झाल्यावर दाखवायला काही उरत नाही.

पहिली फेरी एकाच खेपेत संपली. दुसऱ्या फेरीत तो गळालेला रंग परत आला. नमुन्यात गडद बाटलीचा हिरवा होता आणि त्यांच्या खोक्यांवर पोपटी-पिवळा असतो. रॉटरडॅमच्या गोदामात खरेदीदार ही फर्म त्या पोपटी खोक्यावरून ओळखतो, असं दादांनी सांगितलं. रंग बदलल्यावर नवी पंचाईत: पोपटी बटणावर पांढरी अक्षरं धूसर दिसत होती, अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकासाठी वाचनीयतेच्या जागतिक निकषात असलेलं ४.५ : १ हे प्रमाण भरत नव्हतं. बटणावरची अक्षरं काळपट केली, बाकी पानावर पोपटी रंग पट्ट्यांपुरता ठेवला. तारीख ५ डिसेंबरवरून आठवडाभर पुढे गेली, मेलमध्ये लिहिल्याप्रमाणेच, आणि त्यावर कुणी हुज्जत घातली नाही. साईट बर्लिनच्या आधी चालू झाली.

वेगळं काय करता आलं असतं

चौथा प्रश्न मोडून दोन करता आले असते, हे उघड आहे. पाठवण्याआधी प्रत्येक प्रश्न वाचून ‘याला नुसतं हो म्हटलं तर मला काय कळेल?’ असं विचारलं असतं तर तो सापडला असता. ‘आणि’ दिसला की थांबायचं.

रंगाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. चाळणी बरोबर होती, प्रश्नाची मांडणी चुकली. ‘रंग आवडला का’ हा आवडीचा प्रश्न, तो गळायलाच हवा होता. ‘खोक्यावर, गाडीवर, व्हिजिटिंग कार्डावर आज कोणता रंग आहे आणि खरेदीदार त्यावरून ओळखतात का’ हा त्यांनाच माहीत असलेल्या गोष्टीचा प्रश्न आहे. खरं तर तो मॉकअप करण्याआधी विचारायचा होता. पहिला प्रश्नही तसाच. पान कुणासाठी, हे नमुने बनवल्यावर विचारलं म्हणून एक अख्खा नमुना वाया गेला. काही डिझायनर म्हणतील, समोर दोन चित्रं ठेवल्याशिवाय असा वाद घरात पेटतच नाही, कोरडं विचारलं तर ‘दोघांसाठी’ असंच उत्तर येतं. या घराचं पाहिलं तर तेही खरं वाटतं.

सूनबाईंची प्रत मेलवर नव्हती. शब्द योग्य पडले म्हणून कागद त्यांच्यापर्यंत गेला, नाहीतर दादांनी अंदाजाने तीन गोष्टी लिहून दिल्या असत्या. आता हा स्टुडिओ काम घेतानाच विचारतो, की बाहेरून येणारी चौकशी रोज कोण वाचतं, आणि त्या माणसाला पहिल्या मेलपासून प्रत जाते.

भाच्याने पाच प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर दिलं नाही. ‘पॉप’ म्हणजे काय, ते कळायचं राहूनच गेलं.